झाकलेला नळ

तीन तास चालून झाले होते, तरी वहिनीच्या तोंडाला विश्रांती नव्हती.

"वन्सं, पाय उचला जरा. जप करत चालताय की चालत जप करताय?"

"दोन्ही," धाकटी म्हणाली. "तुमच्यासारखीच्या सोबतीला निघायचं म्हणजे देव बरोबर असलेला बरा."

धाकटी म्हणजे वहिनीच्या नवऱ्याची बहीण. शाळेत शिकवायची, मुंगीवर पाय पडला तरी हळहळायची. वहिनीचा स्वभाव नेमका उलटा. ती बोलली की समोरच्याला सालपट निघाल्यासारखं वाटायचं. एके काळी ती मोजणीच्या कचेरीत ट्रेसिंग कागदावर शाईनं रेषा ओढायची. कचेरीत संगणक आले आणि शाई बंद झाली, तेव्हा तिचं वय बेचाळीस होतं. "आता घरी बसा," असं साहेब म्हणाला. ती घरी बसली खरी, पण संगणकासमोर. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून दोन वर्षांत ती इंटरनेटवरचे नकाशे सजवायला शिकली, आणि तिला कामं येऊ लागली.

त्यातलं एक काम आरोग्य केंद्राचं होतं. डोंगरातल्या वस्त्यांना लस द्यायला नर्सेस पायी जात. त्यांच्या फोनसाठी असा नकाशा हवा होता, की ज्यात फक्त पायवाटा दिसतील आणि पाण्याची ठिकाणं. बाकी काही नको. अशा नकाशाचे चौकोनी तुकडे येतात, त्यांना टाइल म्हणतात. त्यांत रस्ते, घरं, भिंती, शेतं सगळं थराथरानं भरलेलं असतं. त्यातलं काय रंगवायचं आणि काय कोरं सोडायचं, हे एका फाइलीत लिहावं लागतं. वहिनीनं पायवाटा जाड नारिंगी केल्या, पाण्याच्या जागी निळा थेंब ठेवला, आणि बाकीचे सगळे थर उडवून लावले. नकाशा इतका स्वच्छ झाला की तिनं तो धाकटीला बोलावून दाखवला होता.

आणि गेल्या मंगळवारी एक नर्स त्यातल्या एका थेंबापाशी गेली, ती जबडा मोडून परत आली. चार दात वाटेत पडले. बोलता येत नव्हतं, म्हणून तिनं कागदावर लिहिलं, 'नकाशात पाणी होतं.'

"वाट चुकली असेल," केंद्रातले लोक म्हणाले. वहिनीला ते पटेना. चूक नर्सची की नकाशाची, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिला अन्न गोड लागेना. येत्या सोमवारी आणखी सहा जणी त्याच वाटेनं निघणार होत्या. सात तासांच्या त्या वाटेवर पाण्याचा थेंब तेवढा एकच होता.

वळण घेतलं आणि भिंत आली. पुरुषभर उंच, वर काचा रोवलेल्या. आत दगडाची खाण, आणि फाटकातून दिसणारी सिमेंटची टाकी. वहिनीनं फोन पाहिला. थेंब बरोबर त्या टाकीवर होता.

"भिंतीचा थर मीच उडवला," ती पुटपुटली.

साखळीला बांधलेली दोन कुत्री उसळली, आणि फाटक उघडून राखणदार बाहेर आला. एक कान फाटून वाळलेला, हातात लोखंडी पाइप.

"आल्या! आणखी दोन आल्या! कोण पाठवतं गं तुम्हाला?"

"दादा, आम्ही पाणी प्यायला नाही आलो," धाकटी म्हणाली.

"मालकानं माझी पाठ फोडली, माहितीय? आत माणसं येतात म्हणून! पट्ट्यानं मारलं मला!" त्यानं पाइप फाटकावर आपटला. कुत्री पिसाळल्यासारखी झाली.

वहिनीचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. ती दोन बोटांनी नकाशा मोठा करत होती. आणखी मोठा. आणि मग त्या थेंबाच्या शेजारी दुसरा थेंब उमटला, भिंतीबाहेर, साठेक मीटरवर, झुडपांमागे.

"वन्सं, हे बघा! सार्वजनिक नळ आहे तिथं. दोन चिन्हं एकमेकांवर चढायला लागली की नकाशा एकच ठेवतो, दुसरं लपवतो. लांबून बघताना ही खाजगी टाकी पुढं आली आणि नळ झाकला गेला. टाकी खाजगी आहे हेसुद्धा टाइलमध्ये लिहिलेलं आहे. मीच ते गाळायला सांगितलं नाही." मग ती राखणदाराकडे वळून सरळ म्हणाली, "भाऊ, मंगळवारी तुम्ही जिला मारलंत, त्या बाईची चूक नव्हती. हा नकाशा मी केलाय. चूक माझी."

धाकटीला वाटलं, आता हा माणूस निवळेल.

तो म्हणाला, "तू केलास?"

पाइप वहिनीच्या नडगीवर बसला. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. ती पडली, तोवर दुसरा घाव खांद्यावर. तिसऱ्यासाठी त्यानं हात उचलला तेव्हा वहिनी फोन पोटाशी धरून धुळीत गोळा झाली होती आणि तिच्या पायातून हाड बाहेर डोकावत होतं.

धाकटीनं दगड कधी उचलला, ते तिला पुढं कधीच आठवलं नाही. तो त्याच्या भुवईवर बसला. रक्ताची चिळकांडी उडाली, तो गुडघ्यांवर आला, पाइप घरंगळला. तो पाइप आता तिच्या हातात होता. तोंडात देवाचं नाव होतं, आणि तिला त्या माणसाची कवटी फोडायची होती. अगदी मनापासून. एक घाव तिनं घातलाही, त्याच्या मनगटावर. तो लहान पोरासारखा ओरडला.

"वन्सं! बस! मरेल तो!"

तिनं पाइप भिंतीपलीकडे भिरकावला. वहिनीचा पाय स्वतःच्या ओढणीनं काठीला बांधला, तिला पाठीवर घेतलं आणि नारिंगी रेषेनं डांबरी रस्त्यापर्यंत उतरली. दर पावलाला वहिनी तिच्या मानेत ओरडत होती, आणि मधेच दात ओठात रोवून म्हणत होती, "डावीकडे. वाटा माझ्या बरोबर आहेत हो."

दवाखान्यात पायात सळई घातली. पोलीस राखणदाराला घेऊन गेले. दुसऱ्याच दिवशी फाटकावर नवा माणूस आला, कुत्री तीच. धाकटी तीन दिवस डोळे मिटून बसत होती, पण जप पुढं सरकत नव्हता. हाताला तो मनगटाच्या हाडाचा कट्कन आवाज चिकटून राहिला होता.

"देवाला काय सांगू?" तिनं विचारलं.

"खरं सांगा. मी त्या माणसाला सांगितलं तसं," वहिनी म्हणाली. "फक्त त्याच्या हातात पाइप नाही ना, ते आधी बघा."

दोघी हसल्या. खांदा दुखून वहिनीच्या डोळ्यात पाणी आलं.

तिनं पोटावर लॅपटॉप ठेवला होता. खाजगी पाण्याची ठिकाणं गाळणारी अट एका हातानं लिहून झाली होती. भिंतींचा थर परत आणला होता, बारीक काळ्या रेषेत. टाकीचा थेंब गेला आणि लांबूनही नळाचा थेंब दिसायला लागला. धाकटी म्हणाली, "झालं मग. सुटलो."

वहिनीनं नळाचा थेंबही पुसला.

"हे काय?"

"टाइलमध्ये नळ आहे असं लिहिलंय. कुणी लिहिलं, कधी लिहिलं, देव जाणे. आपण तिथवर पोचलोच नाही ना? तोटी गंजलेली असली तर सोमवारी सहा जणी तहानेनं कासावीस होऊन त्याच फाटकाशी जातील. आता फाटक कुठं आहे, हेही नकाशा त्यांना दाखवतोय."

"मग नळ नकाच दाखवू."

"मग सात तास पाणीच नाही. त्या जायच्या थांबणार नाहीत, वन्सं. पोरांना लस द्यायची असते."

वहिनीनं लॅपटॉप मिटला, बरा असलेला हात पुढं करून धाकटीचं मनगट धरलं. वहिनीच्या बोलण्यात पहिल्यांदाच सालपट काढणारी धार नव्हती.

"माझा पाय तीन महिने जमिनीला लागायचा नाही. दुसऱ्या कुणावर माझा विश्वास नाही, ते फोटो काढून पाठवतील आणि मी फसेन. तुम्ही एकदा जाल का? फाटकाकडे वळायचं नाही, झुडपांच्या मागून जायचं. तोटी फिरवायची, आणि धार आली तर ओंजळ भरून स्वतः प्यायची. तुम्ही प्यालात असं सांगितलंत, तरच मी तो थेंब रंगवीन."