भिंगबाईंचा राजीनामा

औषधांच्या कारखान्यात त्यांना सगळे भिंगबाई म्हणत. गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख, बॅच नंबर, छपाई भिंगाखाली धरून बघायची आणि तपासणीच्या कागदावर सही करायची, हे त्यांचं अकरा वर्षांचं काम. नवरा म्हणायचा, "हिच्यासमोर भाजीत केस पडायची हिंमत करत नाही."

दुसऱ्या कारखान्यात त्यांना तपासनीस म्हणून घेणार होते. अट एकच, अनुभवाचा दाखला तपासनीस म्हणून हवा आणि इथून मोकळं केल्याचं पत्रही हवं. महिन्याभराने, रुजू व्हायच्या सोमवारी दोन्ही कागद हातात नसतील, तर जागा दुसऱ्याला.

दिराने राजीनामा लिहून दिला होता, दोन ओळींचा. बाईंनी तो बाजूला सारला. "पोरखेळ आहे का हा? मागितल्याशिवाय आईसुद्धा वाढत नाही." मग त्यांनी स्वतः लिहिला. महिन्याची नोटीस, शेवटचा दिवस शुक्रवार, तारखेसकट. त्या दिवशी मोकळं केल्याचं पत्र, म्हणजे रिलिव्हिंग लेटर, मिळावं. अनुभवाच्या दाखल्यात रुजू झाल्याची तारीख आणि 'तपासनीस' हे पद असावं. शिल्लक रजा आणि ग्रॅच्युइटीसह पूर्ण हिशेब नियमाच्या मुदतीत व्हावा. दोन प्रती काढल्या, एकीवर ऑफिसचा पोच शिक्का घेतला.

शुक्रवारी त्यांनी ओळखपत्र, लॉकरची किल्ली आणि भिंग जमा केलं. काही देणं बाकी नसल्याच्या ना-देय कागदावर सह्या झाल्या. भिंग देताना मात्र बोटं सुटेनात. मेलं काच आणि दांडा, पण अकरा वर्षं हातात होतं.

ऑफिसमधल्या अधिकाऱ्यांनी दोन पत्रं पुढे सरकवली. "हिशेबही मुदतीत खात्यावर येईल, बाई."

बाईंनी टेबलावरचं भिंग उचललं. "दोन मिनिटं घेते." मोकळं केल्याचं पत्र ठीक होतं. दाखल्यावर 'पद' पुढे लिहिलं होतं, मदतनीस.

त्यांचा चेहरा उतरला. पण आवाज चढला नाही. पोच शिक्क्याची प्रत त्यांनी पत्राशेजारी ठेवली. "मी महिन्यापूर्वीच पद लिहून मागितलं होतं."

"बाई, तुमची नेमणूक मदतनीस म्हणून झाली होती. नंतर काम बदललं, रेकॉर्ड बदललं नाही. माझा नाइलाज आहे."

"असं होय. मग साहेब, एवढं लिहून द्या. अकरा वर्षं इथलं औषध मदतनिसाच्या सहीने बाजारात गेलं."

तपासणीच्या प्रत्येक कागदावर, बाईंच्या सहीखाली, 'तपासनीस' असं कारखान्यानेच छापलेलं होतं. अधिकारी दाखला घेऊन व्यवस्थापकांच्या खोलीत गेले. बाई अर्धा तास खुर्चीच्या कडेवर बसून राहिल्या. सोमवार डोळ्यांपुढे होता.

नवा दाखला आला. त्यांनी पुन्हा अक्षरन् अक्षर पाहिलं. नाव, तारखा, पद, शिक्का, सही.

"पोच द्या," अधिकारी हळूच म्हणाले.

ऑफिसच्या प्रतीवर बाईंनी सही केली आणि सवयीने खाली लिहिलं, तपासून पास. मग भिंग टेबलावर ठेवलं, पदराने पुसून.