सोमवारी येईल

माझ्या मुलीचं त्या आठवड्यात काय बिनसलं होतं, ते मी तिच्या वर्गशिक्षिकेला सांगितलं नाही आणि इथेही पुरतं सांगणार नाही. घरात मोठ्यांचा कडाक्याचा वाद झाला, त्यात तिच्याविषयी एक शब्द बोलला गेला आणि पडद्याआड उभ्या असलेल्या तिनं तो ऐकला, एवढं पुरे. सातवीतली पोर. रात्रभर रडली, सकाळी दप्तराकडे पाहायलाही तयार होईना.

अमडापूरहून शाळेचा ऑटो आला. मी काय सांगावं याचा विचार करत चपला शोधत होते, तोवर सासूबाईंनी ओट्यावरूनच आवाज दिला, "आज येत नाही ती! ताप आला तिले!"

आमच्याकडे ताप हा शब्द फार सोयीचा. लग्नाला जायचं नसलं तरी ताप, बैठकीला दांडी मारायची असली तरी ताप. पण सासूबाई एक गोष्ट विसरल्या. आमच्या गावात ताप आलेल्या माणसाला पाहायला जावं लागतं.

संध्याकाळी वर्गातल्या दोघी बिस्किटांचा पुडा घेऊन दारात हजर. नाही म्हणायची सोय नव्हती. मुलगी गोधडी ओढून पडली. त्यातल्या एकीनं आजीबाईच्या थाटात तिच्या कपाळावर हात ठेवला.

"काकू, इले तर तापच नाही."

"उतरला आता," सासूबाई म्हणाल्या.

"मंग डोळे काऊन सुजले?"

मी दोघींना चहा पाजून वाटेला लावलं. त्या गेल्यावर गोधडीतून आवाज आला, "आई, आता मी वर्गात काय सांगू त्यायले?" मला सासूबाईंचा राग आला आणि त्याहून जास्त पोरीची कीव आली. आधीच एक गोष्ट तिच्या उरावर होती, त्यात आता खोट्या तापाचं ओझं. असंच चाललं असतं, तर ती पुढच्या सोमवारीही गेली नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोबाइल घेऊन बसले. वर्गाच्या ग्रुपवर टाकणं म्हणजे गावात दवंडी, म्हणून मॅडमच्याच नंबरवर. लिहायला लागले आणि हात थांबेना. कोण काय बोललं, का बोललं, शेताच्या वाटणीचं भांडण कसं जुनंच आहे, माझं यात काही चुकलं नाही... वाचून पाहिलं, तर त्यात पोर कुठेच नव्हती, मीच होते. सगळं पुसलं. मग लिहिलं:

"नमस्कार मॅडम. घरगुती कारणामुळे मुलीचं मन फार दुखावलं आहे. ताप नाही, काल तसं सांगितलं गेलं, ते चुकीचं होतं. ती या आठवड्यात घरीच राहील, सोमवारी येईल. आल्यावर तिला कुणी कारण विचारू नये, एवढी विनंती. अभ्यास कळवावा."

पाठवण्याआधी तिला दाखवलं. तिनं दोनदा वाचलं, 'फार' हा शब्द काढायला लावला आणि म्हणाली, "आता पाठव."

मधल्या सुट्टीत मॅडमचा फोन आला. मला वाटलं, आता खोदून विचारतील. त्यांनी विचारलं ते इतकंच, "शाळेत कुणी काही बोललं किंवा केलं का?"

"नाही मॅडम, घरचंच आहे."

"तिला घरात कुणाची भीती नाही ना? जेवते, झोपते?"

"नाही, भीती नाही. काल जेवली नव्हती, आज थोडं जेवली."

"बरं. हजेरीत गैरहजर लागेल, त्याची काळजी करू नका. वर्गात मी एवढंच सांगते, ती घरी आहे, सोमवारी येईल. बाकी मुलींना मी पाहते. चार-पाच दिवसांतही सावरली नाही, तर मात्र मला सांगा. आपण कुणाला तरी दाखवू."

फोन ठेवल्यावर मला रडूच आलं. दोन दिवस घरात सगळे बोलत होते, आणि पोरीबद्दल पहिल्यांदा कुणी विचारलं ते फोनवरून.

सोमवारी ऑटो आला. ओट्यावर सासूबाई होत्या, पण गप्प. मुलगी दप्तर घेऊन बसली आणि गेली. माझं दिवसभर भाजी निवडण्यात लक्ष नव्हतं.

संध्याकाळी ती आली, हातपाय धुतले, भाकरी मागितली. मला राहवेना म्हणून मी विचारलं, "कोणी काही विचारलं का?"

"कोणीच नाही. मॅडमनं पण नाही. नुसतं म्हणल्या, आलीस? बस."

"मंग बरं झालं."

तिनं घास चावला. "मंग डब्याच्या सुट्टीत मीच गेली मॅडमजवळ. मीच सांगतलं."

मी तव्यावरची भाकरी तशीच सोडून वळले. "काय सांगतलं व?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, आठवडाभरात पहिल्यांदा हसली.

"ते माह्यं अन् मॅडमचं हाय."