नोव्हेंबरातला गूळ, मे महिन्यातली मोसंबी

दिग्रसच्या बसस्टँडसमोर ममता राठोडचं ज्यूसचं दुकान आहे. फलकावर लिहिलंय ‘ममता ज्यूस अँड स्मूदी’. स्मूदी म्हणजे काय, असं गिऱ्हाईक विचारतं. ममता सांगते, “मिल्कशेकच हाये, पण दहा रुपये जास्तीचा.” इतका खरेपणा धंद्याला परवडत नाही असं तिच्या नवऱ्याचं, जीवनचं मत. पण जीवनची मतं फार ऐकण्यासारखी नसतात. हे दुकान एकदा बुडायला आलं होतं, ते त्याच्याच तोंडामुळे.

ममता घाटंजीकडच्या तांड्यातली. कापूस वेचता वेचता बारावी झाली, लग्न होऊन दिग्रसला आली. जीवन तेव्हा दुसऱ्याचा टेम्पो चालवायचा. दुकानाची कल्पना तिची. फळांबद्दलचं तिचं तत्त्वज्ञानही तिचंच. ती म्हणते, फळ विकत घेणं म्हणजे मरायला टेकलेल्या माणसाला कामावर ठेवणं. आज काम करून घ्या. उद्या तो उठेल याची खात्री नाही, आणि परवा त्याला उचलून न्यायचा खर्चही आपल्याच डोक्यावर.

ही अक्कल तिला सासूनं शिकवली. सासू धुरपताबाई दिग्रसजवळच्या आपल्या तांड्यातच राहते आणि दिवाळीच्या आगेमागे डोंगरातली सीताफळं टोपलीनं विकते. दुकानाच्या पहिल्याच हंगामात ममतानं तिच्याकडून तीन टोपल्या घेतल्या. भाव स्वस्त होता. वर मोठमोठी, डोळे उघडलेली सीताफळं होती. खाली लिंबाएवढी, टणक, कधीच न पिकणारी. पोटच्या पोराच्या दुकानासाठीसुद्धा म्हातारीनं टोपली बाजाराच्याच रीतीनं भरली होती.

“याडी, आपल्याच घरी अशी टोपली?” जीवननं आईला विचारलं.

“मंग टोपलीले कसं कळन घर कोनाचं हाये?” धुरपताबाई म्हणाली.

वरची सगळी सीताफळं एकाच मंगळवारी पिकली. मंगळवारी गिऱ्हाईक नव्हतं. बुधवारी दुकानाला लग्नघरामागच्या उकिरड्यासारखा वास होता. ममता दिवसभर बिया काढत बसली, आणि तेव्हा तिला कळलं की टोपलीचा भाव हा भावच नाही. बिया, साल, खालची टणक आणि वरची सडकी बाजूला काढून जो गर ग्लासात पडतो, त्याचा भाव खरा. तिनं हिशेब केला तेव्हा स्वस्त सीताफळ काजूच्या शेजारी जाऊन बसलं होतं. तेव्हापासून ती फळ रोज घेते, थोडं घेते, आणि फलकावर भाव रंगवून घेत नाही. काळ्या पाटीवर खडूनं लिहिते. मोसंबी वाढली की मोसंबीचा आकडा पुसते. फार वाढली की मोसंबीच पुसते.

जीवनला हे सगळं माहीत होतं. तरी त्यानं नोव्हेंबरात गूळ खाल्ला.

झालं असं. रामलाल आडे हा पलीकडच्या तांड्यातला खाऊनपिऊन सुखी माणूस. त्याच्या मुलीची, वर्षाची, सोयरीक जमली. सोयरीक पक्की होते ती गूळ वाटून. दोन्हीकडची माणसं बसतात, बोलणं होतं, गूळ तोंडात जातो, आणि त्यानंतर बोललेलं फिरवता येत नाही. कागद फाटतो, गूळ पोटात जातो. पोटातलं कोण फाडणार? त्या बैठकीत आईसोबत जीवनही होता. ताटली त्याच्यासमोर आली तेव्हाच रामलालनं चारचौघांत विचारलं, “जीवन, लग्नात पाव्हन्याईले मोसंबीचा ज्यूस तुह्याच दुकानातून. पाचशे ग्लास. कसा देतं?”

“तीस रुपये ग्लास,” जीवन म्हणाला. त्या आठवड्यात पाटीवर पस्तीस होतं. आपण पाच रुपयांचं औदार्य दाखवलं म्हणून तो स्वतःवरच खूश झाला आणि गुळाचा खडा तोंडात टाकला.

लग्न मे महिन्यात होतं.

घरी येऊन त्यानं ही बातमी सांगितली तेव्हा ममता मिक्सरचं भांडं धूत होती. धुतलेलं भांडं तिनं पुन्हा धुतलं.

“बोल ना काहीतरी,” जीवन म्हणाला.

“गूळ थुकता येते काय आता?”

“नाही.”

“मंग कायले बोलू?”

मार्चपर्यंत ती आशेवर होती. एप्रिलमध्ये मोसंबी नव्वद रुपये किलोवर गेली आणि तिनं आशा सोडून आकडे धरले. एका ग्लासाला अर्धा किलो मोसंबी लागते, कारण निम्म्याहून जास्त वजन साल, चोथा आणि बियांत जातं. म्हणजे पंचेचाळीस रुपये. बर्फ, मीठ, साखर, ग्लास, मजुरी मिळून पाच. झाले पन्नास. प्रत्येक ग्लासामागे वीस रुपये आपण पाहुण्यांच्या घशात ओतायचे, आणि असे पाचशे घसे. पोत्यातली सडकी निघतील ती वेगळी. दहा हजार रुपये उन्हाळ्याच्या कमाईतून गेले तर जूनमध्ये दुकानाचं भाडं निघणार नव्हतं, आणि पावसाळ्यात ज्यूस कोणी पीत नाही. मग दुकान सोडायचं आणि जीवननं पुन्हा दुसऱ्याच्या टेम्पोवर जायचं. एवढंच होतं. पण एवढंच म्हणजे तिचं सगळं होतं.

“पानी टाकू,” जीवननं सुचवलं.

“पाचशे लोकं. एकानंही ओळखलं तं आपल्या तोंडावर पानी.”

“मंग घाटा खाऊ. बोल दिला न आता.”

“बोल तू दिला. घाटा मी कायले खाऊ?”

दुसऱ्या दिवशी सकाळीच उठून ती रामलालच्या घरी गेली. सोबत धुरपताबाईला घेतलं, कारण म्हातारी त्या बैठकीत होती, आणि गुळाचं बोलणं बदलायचं तर गुळाचा साक्षीदार लागतो. पिशवीत चार मोसंबी, हातानं पिळायचं भांडं, गुळाची ढेप आणि ताटली. जीवनला तिनं दुकानात बसवलं. जाताना सांगितलं, “कोनी काही विचारलं तं होय म्हनू नको. नाही पन म्हनू नको. नुसतं बस.”

रामलाल ओसरीवर बसला होता. चहा झाला. ममतानं त्याच्यासमोरच मोसंबी पिळली आणि ग्लास भरून त्याच्यापुढे ठेवला.

“काका, हे तुमच्या लग्नातलं ज्यूस. नमुना.”

“आता चहा पेलो. ठेव, पेतो मंग.”

“पेजा आरामात.”

तिनं विषय काढला. रामलालचा चेहरा बदलला.

“म्हंजे तू गुळावरचा बोल फिरवाले आली?”

“भाव फिरला काका, मी कुठं फिरली?”

“कापसाचा भाव पडते तवा मी कोनाकडे जातो वं? हां? व्यापाऱ्याले म्हनतो काय, का बाप्पा, पेरलं तवा जास्त होता?”

“म्हनत नाही, कारन व्यापारी गूळ खात नाही,” धुरपताबाई मध्येच म्हणाली. “तो तं आपल्यालेच खाते.”

रामलाल हसला, पण हटला नाही. त्यानं पाव्हण्यांना मोसंबीच सांगितली होती. नवरदेवाकडचे पुसदचे, नाक वर करून चालणारे. त्यांच्यासमोर हलकं काही चालणार नाही. मग तो आपली मोठी सोयरीक, डीजे, मंडप, जेवणाचा आचारी यांच्याबद्दल बोलत राहिला. ममता ऐकत राहिली. तिला घाई नव्हती. म्हातारीनं दोनदा पान खाल्लं. ऊन ओसरीच्या पायरीवरून आत सरकलं.

“वरात कितीले येईन काका?”

“लग्नाचा टाइम साडेअकराचा हाये.”

“मी टाइम नाही विचारला. वरात विचारली.”

रामलाल कसाबसा म्हणाला, “आता डीजे हाये म्हनल्यावर... एक, दीड. जास्तीत जास्त दोन.”

“अन् पाचशे ग्लास मी एका मिनिटात पिळू शकत नाही. सकाळीच पिळून डब्यात भरा लागन.”

“तं भर न.”

“बरं. ते नमुन्याचं ज्यूस आता प्या काका. लय वेळ झाला, गरम झालं असन.”

रामलालनं ग्लास उचलला, एक मोठा घोट घेतला, आणि त्याचं तोंड क्विनाइनची गोळी चघळल्यासारखं झालं. मोसंबी पिळून ठेवली की कडू होते. सकाळी पिळलेली दुपारी कोणी तोंडाला लावत नाही. त्यानं ग्लास खाली ठेवला आणि ओसरीखाली जाऊन थुंकला.

“कडू झालं वं हे!”

“पुसदच्या लोकाईले हेच पाजू? सोयरिकीत?”

धुरपताबाई जिभेवर पान फिरवत म्हणाली, “नवरीच्या बापानं कडू पाजलं, हे नातवाच्या लग्नापर्यंत सांगतीन. मी तं सांगनच.”

रामलालनं ग्लास हातानं दूर सारला. मग म्हणाला, “मंग काय पाजशीन?”

“टरबूज. कापलं नाही तोवर सडत नाही. वरात चारले येवो का सहाले, मंडपात गार पडून राह्यते. वरात दिसली का कापाचं, फिरवाचं, बर्फ, पुदिना, काळं मीठ. जेवढे पेतीन तेवढेच कापू. उरलेले टरबूज मी दुकानात आनते, तुमच्यावर बोजा नाही.”

“तीस रुपये ग्लास?”

“बोल तीसचा होता न.”

आता रामलाल शेतकरी झाला. “टरबूज बारा रुपये किलो हाये, मले शिकवतं काय? एका ग्लासाले सालीसकट अर्ध्या किलोच्या थोडं खाली लागन. पाच रुपयाचं फळ, अन् तीस?”

तिनं सगळा हिशेब मोसंबीचा केला होता. समोरच्याला टरबुजाचा येतो, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. न यायला काय झालं? त्याच्या मेहुण्यानं नदीकाठी टरबुजंच लावली होती.

“पंचवीस,” ती म्हणाली.

“पंधरा.”

“पंधराले मी मंडपात उभं राहाचे पैसे बी निघत नाही. बर्फ, मिक्सर, ग्लास, कापाले चार बाया.”

“वीस. टरबूज मेहुन्याच्या वावरातून घे, तुले दहानं देते.”

“वीस. पन चारशे ग्लासाचे पैसे पक्के, कोनी पेवो का न पेवो.”

रामलालनं म्हातारीकडे बघितलं. “मावशी, ही सून कुठून आनली?”

“टोपलीच्या वरची होती,” धुरपताबाई म्हणाली.

गूळ फुटला. ताटली फिरली. रामलालनं खडा उचलला, ममतानं उचलला, साक्षीला म्हातारीनं दोन उचलले.

वरात पावणेतीनला आली. नवरदेवाचे मित्र नाचून नाचून टरबुजांएवढेच लाल झाले होते. ममतानं वरात वळणावर दिसल्यावर पहिलं टरबूज फोडलं. पुसदच्या एका नाक वर केलेल्या मामानं चार ग्लास रिचवले आणि विचारलं, “हे कोनतं ज्यूस हाये?” ममतानं त्याच्या हातात पाचवा ग्लास दिला. उरलेली टरबुजं दुसऱ्या दिवशी दुकानात गेली आणि जूनचं भाडं निघालं. फार काही निघालं असं नाही. भाडं निघालं.

जीवन अजूनही सोयरिकींना जातो. आता त्याच्यासोबत ममताही जाते. ताटली समोर आली की ती खडा उचलते आणि मुठीत धरून बसते. मुठीत गूळ पाघळतो, बोटं चिकट होतात, बायका तिच्याकडे बघून हसतात. ती तो तोंडात टाकत नाही. बोलणारा थांबतो, आणि मग ती विचारते, “लग्न कोनत्या महिन्यात हाये?”