पुसलेल्या तीन ओळी

मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या आमच्या शाळेत मी गणित शिकवते. पुस्तक हिंदीत, फळा हिंदीत, रागावणं मात्र मराठीत. ते मला छान जमतं, असं मुलं म्हणतात. माझ्या फळ्याचा मला भारी अभिमान. अक्षर गोल, बरोबरची (=) चिन्हं एकाखाली एक. फळा भरला की मी डावा अर्धा भाग पुसते आणि उरलेलं तिथे लिहिते. इतकी वर्षं असंच चाललंय.

दहावीतली एक मुलगी बोरगावहून बसने यायची. बसमधून उतरताना पडली आणि पाय मोडला. गुडघ्याच्या वरपर्यंत प्लास्टर, घराबाहेर पडायचं नाव नाही. बोर्डाची परीक्षा दोन महिन्यांवर. तिची आई संत्र्याच्या पॅकिंगला जायची. एक दिवस काम टाकून ती शाळेत आली.

"मॅडम, यंदा राहू द्या. पुढच्या वर्षी बसन ते पेपरले."

मी चिडले. "वर्ष काय झाडाला लागतं? मी रोजचा धडा तुमच्या फोनवर पाठवते. महिन्याभराने बघू."

ती फोनचा नंबर देऊन गेली. पटलं होतं असं नव्हे.

मुलांनी फळ्याचे फोटो काढायला माझी सक्त मनाई होती. लिहायला हात दिलाय देवानं, हे माझं ठरलेलं वाक्य. आता मीच तास संपल्यावर फोन काढून फळ्यासमोर उभी राहायचे आणि वर्ग खुसुखुसू हसायचा. कॉम्प्युटरच्या सरांनी मला एक अ‍ॅप लावून दिलं होतं. तिरपा फोटो ते सरळ करी, माझं हस्ताक्षर वाची आणि टाइप केलेलं पान हातात देई. वर शीर्षक, खाली एक-दोन-तीन अशा पायऱ्या, सूत्र वेगळ्या चौकटीत. ट्यूबलाइटचा उजेड फळ्यावर चमकला तर तेवढा शब्द गाळायचं, म्हणून मी बाजूला सरकून फोटो काढायला शिकले.

मग वर्गसमीकरणाच्या सूत्राची सिद्धता आली. पान आलं ते इतकं देखणं की मी स्टाफरूममध्ये दोघांना दाखवलं. शेवटच्या सूत्रात अ‍ॅपने ± चं नुसतं + केलं होतं. ते मी दुरुस्त केलं आणि आपली नजर किती बारीक म्हणून खूश होऊन बसने पांढुर्ण्याला घरी गेले.

घरी पोचते तोच बोरगावच्या त्या मुलीचा, तिच्या आईच्या फोनवरून, बोललेला निरोप आला. आवाज जरा घाबरलेला.

"मॅडम, मले वाटते पानात काही तरी उलटं हाये. आधी वर्गमूळ काढलं अन् मंग वर्ग पूर्ण केला? असं कसं होईन? अन् a नं भाग तर कुठीच नाही दिला."

मी पान पुन्हा उघडलं. पायरी एक: दोन्ही बाजूंचं वर्गमूळ. पायरी तीनला उत्तरच. आणि पायरी चारला सुरुवात, दोन्ही बाजूंना b/2a चा वर्ग मिळवा. हे मी वाचलं होतं! वाचून पाठवलं होतं!

तेवढ्यात दुसरा निरोप आला. "तुम्ही फळा भरला का डावीकडून पुसता ना, मॅडम. म्हणून शेवटचं डावीकडे आलं अशीन. पुसलेल्या तीन ओळी म्या करून पाहिल्या. बरोबर हायेत का सांगा."

सोबत वहीचा फोटो होता. समीकरण लिहिलेलं, a ने भागलेलं, c/a उजवीकडे नेलेलं. त्याखाली माझ्या सहाही पायऱ्या, जागच्या जागी.

खरंच सांगते, डोळ्यांत पाणी आलं. अ‍ॅपने फळा डावीकडून उजवीकडे वाचला, त्याचं काय चुकलं? चूक माझ्या फडक्याची होती. पण त्या तीन ओळी ना फोटोत होत्या, ना पानात. त्या तासाला नसलेल्या मुलीने खाटेवर बसून त्या स्वतः मांडल्या होत्या. इतक्या वर्षांत हा धडा मी किती वर्गांना शिकवला, पण असं मला कुणी पकडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या वहीचा फोटो त्याच अ‍ॅपमध्ये टाकला, पान ओळीनओळ तपासलं आणि त्याच्या प्रती सगळ्या वर्गाला वाटल्या. चूक कुणाची आणि दुरुस्ती कुणाची, तेही सांगितलं. वर्गाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग टाळ्या वाजवल्या. आता फळा पुसण्याआधी मी एक फोटो काढते. विसरले तर मुलंच ओरडतात.

एक प्रत घेऊन रविवारी मी बोरगावला गेले. आईने ते पान हातात धरून बराच वेळ पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं.

"हे हिनं केलं?"

"हिनं. माझं चुकलं होतं."

आईने पान घडी न करता देवाच्या फोटोमागे ठेवलं आणि विचारलं, "मॅडम, पेपरच्या दिवशी हिले न्याले ऑटो गेटच्या आत येऊ देतीन ना?"