मातृभाषेच्या रकान्यातली धुरपता

जमिला सही करणार नाही, ही धास्ती कमरुन्निसाच्या मनातून काही केल्या जाईना. यवतमाळातल्या आपल्या घरी ती तांदूळ निवडत बसली होती, आणि निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत होती. शनिवारपर्यंतची मुदत होती. आज शुक्रवार.

पोरीची खोडच तशी. कोणी चुकीचं बोललं की तिला गप्प बसवत नसे. जमिलाच्या अब्बांचं, गफ्फारमियांचं, मोटारदुरुस्तीचं दुकान तेव्हा ढाणकीला होतं. बाजाराच्या दिवशी तांड्यावरच्या बंजारा बाया दुकानासमोरच्या निंबाखाली टेकत. आठ वर्षांची जमिला त्यांच्यात जाऊन बसे आणि आकडे विचारे. घरी येऊन सांगे, "अम्मी, आपण 'दो' म्हणतो, पाटलाची शकुबाई 'दोन' म्हणते, त्या 'दी' म्हणतात. सगळ्यांचं एकच कसं?" कमरुन्निसा स्वतः नागपूरला बी.ए. झालेली; त्या काळी त्यांच्या बिरादरीत तशी दुसरी बाई नव्हती.  पण या प्रश्नाचं उत्तर पुढं जमिलानंच शोधलं. नागपूरला शिकली, पुण्याला भाषाशास्त्राच्या उन्हाळी वर्गाला जाऊन आली, लग्नाची तीन स्थळं परतवली, आणि पांढरकवड्याकडच्या एका संस्थेच्या कन्याशाळेत मास्तरीण झाली. शाळेच्या वसतिगृहाची अधीक्षिकाही तीच. आदिवासी मुलींसाठी तिथं सरकारी अनुदानाच्या वीस जागा होत्या.

सुट्टीच्या दिवशी ती कोलामांच्या पोडांवर, त्यांच्या वस्त्यांवर, जाई, शब्द लिहून आणी. त्यातून तिनं एक मोठा तक्ता केला आणि कचेरीत लावला. एका बाजूला मराठी, उर्दू, बंजाऱ्यांची गोरबोली. ही भारत-युरोपीय कुळातली घरं. दुसऱ्या बाजूला कोलामी, गोंडी, तेलुगू. ही द्राविडी कुळातली. कोलाम डोळ्याला 'कन' म्हणतो, गोंडही 'कन', तेलुगू माणूस 'कन्नु'. कोलामाचं घर 'एल्ला', तेलुगू माणसाचं 'इल्लु'. बाजारातले शब्द कोणीही कोणाचे उचलतो, म्हणून ते तिनं मोजले नव्हते. अंगाचे, घराचे, आकड्यांचे शब्द, आणि क्रियापदाला लागणारी शेपटं, यांवरून कूळ ठरतं असं तिनं खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं.

ते बारीक अक्षर कोणी वाचलं नाही. तिथंच सगळं बिघडलं.

बासष्टच्या जूनमध्ये एक कोलाम बाप दोन पोरी घेऊन आला. मोठी मानी, धाकटी धुरपता. एका आईच्या पोटच्या. आई वारली तेव्हा धुरपता अंगावर पीत होती. तिला मावशीनं वर्ध्याकडं नेलं. तिकडच्या कोलामांच्या घरांतून कोलामी केव्हाच गेली होती, मराठीच बोलत. नऊ वर्षांनी पोर बापाकडं परतली ती फक्त मराठी घेऊन. अर्जात मातृभाषेच्या रकान्यात जमिलानं खरं तेच लिहिलं. मानी: कोलामी. धुरपता: मराठी.

संस्थेचे सचिव सदाशिवराव जिनिंगचे मालक. त्यांना जुन्या वंशांवरची पुस्तकं वाचायचा नाद. अर्ज पाहताच त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

त्या आठवड्यात कमरुन्निसा लेकीकडं आली होती. कचेरीला लागूनच जमिलाची खोली, मध्ये नुसतं दार. त्यामुळं सगळं कानावर पडलं.

"बाई, हा तक्ता तुमचाच ना?" सदाशिवरावांचा आवाज. "मराठी आर्यांची भाषा, कोलामी द्राविडांची. मग ही धाकटी पोरगी आदिवासी कशी? आर्य पोरीला आदिवासींच्या जागेवर घुसवता? सरकारला फसवता?"

"साहेब, ती मानीची सख्खी बहीण आहे."

"तो बाप सांगतो म्हणून?"

बाप हात जोडून उभा होता. "मालक, दोन्ही माह्याच पोरी आहेत. देवाची आन."

"तुले कोण विचारून राह्यलं?" सदाशिवराव खेकसले.

जमिलाचा आवाज चढला. कमरुन्निसानं मनात म्हटलं, हळू बेटा, हळू. पण हळू कुठली!

"भाषेचं कूळ म्हणजे माणसाचं कूळ नव्हे, साहेब. भाषा रक्तातून येत नाही, कानातून येते. ज्याच्या मांडीवर वाढाल त्याची बोली शिकाल. अख्खी गावंच्या गावं बोली बदलतात आणि माणसं तीच राहतात. तक्त्यात मी भाषांची नाती दाखवलीत. त्यात एकाही माणसाचा वंश नाही."

"मला शिकवू नका. वंश डोळ्यांना दिसतो. नाकावरून कळतो!"

आणि त्यांनी खरोखरच शिंप्याची फीत मागवली. शिपाई हरिसिंगनं ती आणून दिली. सदाशिवरावांनी दोन्ही पोरींना भिंतीशी उभं केलं आणि नाकाची लांबी-रुंदी मोजायला लागले. धुरपता रडकुंडीला आली. मानीनं तिचा हात घट्ट धरला. आकडे मांडून झाले तर काय, कोलामी बोलणाऱ्या मानीचं नाक अरुंद, मराठी बोलणाऱ्या धुरपताचं रुंद. दोघींची नाकं वेगळी, एवढंच सचिवांनी पाहिलं. त्यांनी विजयानं मान हलवली.

"बघा! दोघी वेगळ्या वंशाच्या!" बोलून गेल्यावर त्यांच्याच ध्यानात आलं की आपल्या पुस्तकाप्रमाणं तर आर्याचं नाक अरुंद हवं. ते चाचरले. "म्हणजे... पुन्हा मोजू."

"मोजा की," जमिला म्हणाली. "नाक काय म्हणेल त्याला काही अर्थ नाही. अशी नाकं एकेका घरात चार तऱ्हेची असतात. हवं तर आपलंही मोजून बघा."

हरिसिंग दाराशी फिसकन हसला. "साहेब, माही गोरबोलीबी त्या तक्त्यात आर्याच्याच बाजूले हाय. मंग आजवर मले कायले कोनं पंगतीत बसवलं नाही? बाहेरच पत्रावळ देतेत."

सदाशिवराव लालबुंद झाले. फीत टेबलावर आपटली. "बाई, शनिवारपर्यंत लेखी द्या. 'माझ्या तक्त्यानुसार धुरपता आर्य भाषिक, सबब आदिवासी नव्हे.' तुमची सही. नाहीतर सोमवारी संस्थेच्या समितीत तुमचाच राजीनामा घेतो. आणि एक ऐका, तुमची माणसं अरबस्तानातून आलेली. इथल्या मातीचं तुम्हाला काय कळणार?"

ते निघून गेले. 

दुपारी मायलेकींची जुंपली.

"दे सही आणि मोकळी हो," कमरुन्निसा म्हणाली. "पोरीला बाप सांभाळेल. नोकरी गेली तर तुला दुसरीकडं कोण उभं करेल? अब्बांचे गुडघे गेलेत, दुकान तुझ्या भावाच्या, एकट्या नजीरच्या जिवावर चाललंय."

"अम्मी, माझाच तक्ता दाखवून ते पोरीला हाकलणार. मी सही केली तर पुढं दरसाली हेच होईल. मराठी बोलणारा प्रत्येक कोलाम खोटा ठरेल."

"तू एकटी काय करशील?"

"एकटी कशाला? तू सांग ना समितीत. तुझ्या नानीबद्दल."

कमरुन्निसा चपापली. तिची नानी आदिलाबादकडची. माहेरी तेलुगू बोलणारी, विणकराच्या घरची. निकाह होऊन पैनगंगेअलीकडं आली आणि सासरची उर्दू शिकली. म्हातारपणी ताप चढला की तेलुगूत पाणी मागायची. तिच्या मुलीला अर्धी तेलुगू येत असे, नातीला दोनचार शब्द, पणतीला काहीच नाही. चार पिढ्यांत घरची भाषा एका कुळातून दुसऱ्या कुळात गेली होती, आणि चेहरे मात्र एकमेकींवरच जात होते.

"वेड लागलंय का तुला?" ती कडाडली. "नजीरच्या लग्नाचं जिथं बोलणं चाललंय ते लोक सय्यद म्हणवतात. आपण त्यांना सांगितलंय, पूर्वज अरबस्तानातले. आता चार लोकांत उठून सांगू की माझी नानी तेलंगीण होती?"

जमिला हसली, पण ते हसू टोचणारं होतं. "मग तू आणि सदाशिवराव एकाच पुस्तकातलं वाचता."

कमरुन्निसानं पिशवी भरली आणि संध्याकाळची यष्टी धरून ती यवतमाळला परतली. निघताना लेक निरोपालाही आली नाही.

आणि आता शुक्रवारची दुपार. हरिसिंग कापसाच्या ट्रकबरोबर यवतमाळला आला होता, तो निरोप घेऊन दारात उभा राहिला.

"माय, बाईनं सही करत नाही म्हून सांगून टाकलं. धाकटीले वसतिगृहातून काढलं. बाईनं तिले आपल्या खोलीत ठेवलं तं सचिवानं खोलीबी खाली करायले सांगितली. बाई मले म्हने, अम्मीले सांगू नको."

"मग सांगितलंस कशाला?"

"न सांगितलं तं तुमीच शिव्या दिल्या असत्या." तो उंबऱ्यावर टेकला. "दोघी पोरी एका ताटात जेवतेत. मोठी कोलामी शिकवून राह्यली धाकटीले. सोमवारपर्यंत शिकली तं सचिव घेतील म्हनते."

कमरुन्निसानं तांदळाचं सूप खाली ठेवलं. तीन दिवसांत पोर कोलामी शिकणार, आणि तेवढ्यानं ती द्राविड होणार! नानीनं तर उर्दू शिकायला अर्धं आयुष्य घातलं होतं. त्यानं ती अरबस्तानातली झाली नव्हती. आपण मात्र तिला अरबस्तानातली करून टाकली, लोकांत मान खाली जाऊ नये म्हणून. आणि त्याच भीतीपायी लेकीला सही कर म्हणालो.

नजीर गॅरेजमधून जेवायला आला होता. तिनं त्याला समोर बसवून सगळं सांगितलं, समितीत आपण नानीबद्दल बोलणार तेही. 

"रिश्ता मोडेल, अम्मी."

"मोडेल."

"अब्बा चिडतील."

"चिडू देत. त्यांची दादी कुठली होती ते मी विचारलं नाही अजून."

नजीरला हसू आवरलं नाही. पण चेहरा पडला तो पडलाच. त्यानं ताट सारलं आणि हात धुवायला गेला. तो राजी आहे की नाही हे तिला कळलं नाही, आणि ती विचारायलाही थांबली नाही.

बुरखा घेऊन ती पोस्टात गेली. खिडकीतल्या बाबूनं कपाळाला आठी घातली. "ट्रंक कॉल? लाईनले टाइम लागते बाई. अर्जंट आहे का?"

"हो, अर्जंट."

"कोनाले लावाचा? मास्तरीणबाईले?"

लेकीला सांगण्यासारखं तिच्याकडं खूप होतं, पण ते नंतर. समिती सोमवारी बसणार होती. तिथं कोण बोलणार आहे हे त्या माणसाला आजच कळायला हवं होतं.

"नाही," कमरुन्निसा म्हणाली. "पांढरकवड्याचे जिनिंगवाले सदाशिवराव. खुद्द त्यांनाच द्या. म्हणावं, जमिलाची आई बोलतेय."