राइट-क्लिकमधली बिल्टी

राहनाळच्या एका गोडाऊनमध्ये मी कॉम्प्युटरवाला होतो. कॉम्प्युटरवाला म्हणजे प्रिंटर अडकला तरी मी, भारनियमनात यूपीएस बोंबलला तरी मीच. भिवंडीत तेव्हा रानोमाळ गोडाऊनं उगवत होती आणि प्रत्येकाला इंटरनेट हवं होतं. ते कशासाठी, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक होतं.

आमच्या ऑफिसात एक ताई एन्ट्रीचं काम करायच्या. ज्या कंपनीचा माल आमच्याकडे यायचा, तिच्या वेबसाइटवर बिल्ट्यांची, म्हणजे मालवाहतुकीच्या पावत्यांची, यादी यायची. प्रत्येक मालाच्या बिल्टीचा नंबर तिथून उचलून आमच्या नोंदीच्या पानात टाकायचा, हेच दिवसभर. माउसने कॉपी करून करून त्यांचं उजवं मनगट कामातून गेलं होतं. चहाचा कप धरला तरी बोटांना मुंग्या यायच्या. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा. सुट्टीचं नाव काढलं की शेठ म्हणायचे, "ताई, तुमच्याबिगर हे कोनाला जमतंय? जरा थांबा."

ताईंसाठी मी ब्राउझरला एक छोटं एक्स्टेंशन, म्हणजे नंबर आपोआप आमच्या पानात भरणारा जोड-प्रोग्राम, लिहिलं होतं. त्याचं बटण वरच्या पट्टीत होतं, पण तिथवर माउस न्यायचा म्हणजे पुन्हा तेच दुखणं. म्हणून ठरवलं, की कीबोर्डवरूनच झालं पाहिजे, तेही डाव्या हाताने. आधी कंट्रोल आणि डी ठेवलं. ते ब्राउझरने स्वतःच आधीपासून अडवून ठेवलेलं. आमची नोंद राहिली बाजूला, बुकमार्कची खिडकी उघडायची. मग मोकळं असलेलं एफ टू घेतलं. यादीतला प्रत्येक नंबर लिंकच होता. टॅबची कळ दाबत एका नंबरावरून दुसऱ्यावर जायचं आणि एफ टू दाबायचं, की तो नंबर भरलेलं आमचं पान नव्या टॅबमध्ये हजर. प्रत्येक बदलानंतर ब्राउझर बंद करून उघडावा लागायचा, तेवढ्यात शेठ दोनदा विचारून जायचे, "झाला काय रे?"

ताईंचा डावा हात मग असा सुटला, की मान वर करायचं काम नाही. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण सुट्टी काही मिळेना. बदली म्हणून लोडिंगच्या सुपरवायझरला बसवून पाहिलं. टॅब दाबताना तो नंबर सोडून भलत्याच लिंकवर जायचा आणि एफ टू ऐवजी एफ वन दाबून मदतीचं पान उघडायचा. शेवटी ताईच म्हणाल्या, "दादा, ह्याला कळा लक्षात राहणार नाहीत. राइट-क्लिकमध्येच टाका ना. समोर दिसेल ते माणूस दाबतो."

मी टाकलं. नाव त्यांनीच सुचवलं, 'बिल्टी उघडा'. पहिल्या दिवशी ते पानावर कुठेही राइट-क्लिक केलं तरी दिसायचं आणि सुपरवायझरने कंपनीच्या फोटोवर दाबून रिकामी पानं उघडून ठेवली. मग मेनू उघडतानाच तपासून घेतलं. नंबराच्या लिंकवर असाल तरच दिसायचं, एरवी लपून राहायचं. आता चुकायला जागाच नव्हती. ताईंनी त्याला शेजारी बसवून शिकवलं, मग ऑपरेशनला गेल्या.

परत आल्या त्या सकाळी सुपरवायझर त्यांच्याच खुर्चीत होता. एका हातात फोन, दुसऱ्या हाताने राइट-क्लिक. शेठ केबिनमधून बाहेर आले. आवाज चढवला नाही की काही नाही. "ताई, आता काम अडत न्हाय. हा लोडिंग बघून येवढा करतो. तुम्ही आता आराम करा, हाताला जपा." त्यात कपट नव्हतं, याचाच मला जास्त संताप आला. शेठना खरंच वाटत होतं की आपण ताईंची काळजी घेतोय. मी म्हटलं, "शेठ, त्या सुट्टीवर गेल्या होत्या." ते म्हणाले, "मी कुठं न्हाय म्हंतो?" आणि आत गेले.

सुपरवायझर ओशाळून उठला आणि बाहेर ट्रककडे निघून गेला. ताई खुर्चीत बसल्या नाहीत, उभ्यानेच स्क्रीनकडे पाहत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "हे मी माझ्या हाताने कधी करूनच नाही पाहिलं. ह्याला शिकवला तोही तोंडानेच."

मनगटावर अजून लालसर वण होता. त्यांनी उजव्या हाताने माउस धरला, एका नंबरावर नेला आणि राइट-क्लिक केलं. मेनू उघडला. 'बिल्टी उघडा'वर दाबलं, पान उघडलं, नंबर बिनचूक भरलेला.

"हात अजिबात दुखला नाही," त्या म्हणाल्या.