सुंठीच्या बिस्किटांचं घर

लातुरात त्या वर्षी नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी नव्हतं, आणि एका शाळेच्या बाईंनी माझ्याकडे नाताळासाठी बिस्किटांचं घर मागितलं. मी घरीच केक करून विकत असे. असं घर मी हैदराबादच्या एका क्लासमध्ये दुसऱ्या एका बाईला करताना पाहिलं होतं, स्वतः कधीच केलं नव्हतं. तरी "हो" म्हणून बसले.

गूळ, सुंठ, दालचिनी घालून पीठ मळलं. पुठ्ठ्याचे साचे ठेवून चार भिंती नि दोन छपरं कापली, भाजली. घरभर असा वास सुटला की सासूबाई जप सोडून स्वयंपाकघरात आल्या. आमचं घर लिंगायतांचं. अंड्याचं टरफलसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नसे, आणि क्लासमध्ये शिकवलेलं आयसिंग अंड्याच्या पांढऱ्याचं. म्हणून मी आयसिंग शुगरमध्ये लिंबू नि पाणी कालवून काम भागवलं.

भिंती उभ्या केल्या, लगेच वर छप्पर ठेवलं. दोन मिनिटं घर दिमाखात उभं राहिलं. मग पुढची भिंत सावकाश बाहेर सरकली, जशी लग्नातली दमलेली म्हातारी भिंतीला टेकून खाली बसते तशी. छप्पर माझ्या मांडीवर आलं.

"बसलं गं तुझं घर," सासूबाई म्हणाल्या.

दारात शेजारच्या बांधकामावरचे मिस्त्री उभे होते. पाण्यावाचून काम बंद पडलेलं, म्हणून थापी-ओळंब्याची पिशवी आमच्याकडे ठेवायला आले होते. त्यांनी मान वाकडी करून पडझड पाहिली.

"ताई, माल पातळ झालाय. आन् भिती वाळायच्या आधी सिलाप कुणी टाकतंय व्हय?"

मला राग यायला हवा होता, पण हसू आलं. "मग घट्ट माल कशाचा करू, मिस्त्री? अंडं चालत नाही."

तेवढ्यात माझी नजर ओट्यावर गेली. उसळीसाठी काबुली चणे शिजवलेलं पाणी सासूबाईंनी पातेल्यात राखून ठेवलं होतं. त्या दिवसांत पाण्याचा थेंबही मोरीत जात नसे. चण्याचं दाट पाणी अंड्यासारखं फेसाळतं, हे क्लासच्या बाई बोलता बोलता म्हणाल्या होत्या. मी ते आणखी आटवलं, गार केलं आणि बीटर लावला. पिवळट पाणी हळूहळू पांढरं झालं, फुगलं.

"अगं बया! माझ्या आमटीचं साबणाचं पाणी केलंस!" सासूबाई ओरडल्या. पण हटल्या नाहीत. चाळलेली साखर चमच्या-चमच्यानं त्याच घालत राहिल्या. बीटर उचलला की आयसिंगची शेंडी ताठ उभी राहू लागली. मिस्त्रींनी बोटावर घेऊन पाहिलं. "हां, आता जमला माल."

हवा इतकी कोरडी, की आयसिंगवर लगेच साय धरत होती. म्हणून भांड्यावर ओलं फडकं टाकलं. मोडलेल्या भिंतीच्या जागी नवी भाजली. या वेळी सगळ्या भिंतींवर आडव्या असतानाच खिडक्या-वेली काढून घेतल्या. मग मिस्त्रींनी पिशवीतून काटकोन तपासायचा गुण्या काढला, धुऊन पुसला आणि कोपरे त्याला लावून धरले. मी बाहेरून नि आतूनही सांध्यांत आयसिंग भरलं. आधाराला डाळीचे डबे लावले.

"आता हात लावायचा न्हाई," त्यांनी बजावलं.

दोन-तीन तास आम्ही तिघं त्या घराची राखण करत चहा पीत बसलो. मिस्त्री उदगीरकडचे. "आमचा नवा जिल्हा व्हणार म्हणायलेत लोक. झाला तर हाफिसं बांधायला लई काम निघंल," असं म्हणताना त्यांचा चेहरा उजळला. मग छप्पर चढवलं, घसरू नये म्हणून खाली दोन वाट्या टेकवल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वरून पांढऱ्या झालरी सोडल्या. बडीशेपेच्या रंगीत गोळ्या चिकटवायचं काम सासूबाईंनी कुणाला करूच दिलं नाही. दारावरही त्यांनी गोळ्यांचं तोरण लावलं. "घर कुणाचं का असंना, दार मोकळं नको."

घर शाळेत पोचवलं, आणि नाताळाच्या आदल्या दिवशी त्या बाईंचा फोन आला.

"पडलं का हो?" मी विचारलं.

"पडलं कुठलं! मुलांना खायचंय, तर फुटतच नाहीये. काय करू?"

मिस्त्री पिशवी न्यायला आले होते; मी फोन हातानं झाकून त्यांना विचारलं. त्यांनी कपाळाला आठ्या घालून गंभीरपणे विचार केला.

"छपराच्या जोडावर लाटण्यानं हाणा म्हणावं. पण हळू. भिती माझ्या हायत."